कवटीतले दात वाचायचे कसे: आधी मागच्या दाढा, मग पुढची पटाशी

एखाद्या प्राण्याची कवटी हातात आली की नजर आधी पुढच्या दातांवर जाते. सुळे लांब दिसले की मांसाहारी, नाही दिसले की शाकाहारी, असा निकाल दोन सेकंदांत लागतो आणि बऱ्याचदा चुकतो. कस्तुरीमृगाच्या नराला ओठाबाहेर डोकावणारे लांब सुळे असतात, पण तो खातो पाला, गवत आणि दगडफूल. पाणघोड्याचे सुळे पाहून छाती दडपते, तरी त्याचं पोट भरतं गवतावर. गोरिलाचंही तसंच. उलट पांडा हा अस्वलाच्या कुळातला, सुळे अगदी अस्वलाचे, आणि दिवसभर चावतो बांबू.

याचं कारण साधं आहे. पुढचे दात पकडायला, तोडायला, कुरतडायला आणि भांडायला लागतात. अन्नाचं पुढे काय करायचं, कातरायचं की दळायचं की ठेचायचं, हे काम मागच्या दातांचं. म्हणून आहार ओळखायचा तर कवटी मागून पुढे वाचायची. उंदीर-घुशींसारख्या कुरतडणाऱ्या प्राण्यांच्या, म्हणजे कृंतकांच्या बाबतीत तर हा क्रम मोडला की उत्तर हमखास चुकतं, कारण त्यांचे पुढचे दात सगळ्यांचे जवळपास सारखेच असतात आणि आहार मात्र गवतापासून गांडुळांपर्यंत काहीही असू शकतो.

हाताशी काय हवं

दहापट मोठं दाखवणारं छोटं भिंग, व्हर्नियर कॅलिपर (साध्या पट्टीवर उंदराच्या दाढांची ओळ मोजता येत नाही), बारीक झोताची बॅटरी, मऊ टूथब्रश, हातमोजे, मास्क आणि कवटी टेकवायला मातीचा किंवा प्लॅस्टिसिनचा गोळा. एवढं पुरतं.

सापडलेली कवटी कोरडी झटकू नका. कृंतकांच्या मूत्रातून आणि लेंड्यांतून माणसाला रोग होऊ शकतात आणि कोरडी धूळ नाकात जाते, म्हणून आधी ओली करा. कोमट पाण्यात भांडी घासायच्या साबणाचे थोडे थेंब टाकून एक-दोन दिवस भिजत ठेवा आणि ब्रशने हलक्या हाताने घासा. उकळू नका. उकळल्याने दात तडकतात आणि हाडातली चरबी आणखी आत मुरते. ब्लीच तर अजिबात नको: ते हाडातलं प्रथिन खातं आणि काही महिन्यांत हाडाचा भुगा व्हायला लागतो. पांढरं करायचंच असेल तर ३ टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड वापरा, पण कृंतकाच्या दातांना तेही लावायची गरज नाही, कारण त्यांचा रंगच पुरावा असतो. भिजवलेलं पाणी नेहमी बारीक गाळणीतून ओता, कारण सुटलेला दात पाण्याबरोबर गेला की परत मिळत नाही. वाळवायचं सावलीत. उन्हात ठेवलेल्या दाताला उभ्या चिरा पडतात. आणि बऱ्याच देशांत वन्यप्राण्याचे अवशेष बाळगायला परवानगी लागते, तेवढी खात्री आधी करून घ्या.

पहिली पायरी: मोजणी, आणि न दिसणारे दात

मोजणी एकाच बाजूची करायची, वरची आणि खालची वेगळी. क्रम असा: पटाशीचे दात, सुळे, उपदाढा, दाढा. मांजरात वरच्या एका बाजूला ३, १, ३, १ आणि खाली ३, १, २, १, म्हणजे एकूण ३० दात. कुत्र्यात वर ३, १, ४, २ आणि खाली ३, १, ४, ३, एकूण ४२. डुकरात वर-खाली ३, १, ४, ३, एकूण ४४. गाईत खाली ३, १, ३, ३, पण वर पटाशी नाही, सुळाही नाही, फक्त ३ उपदाढा आणि ३ दाढा. एकूण ३२. माणसाचेही ३२ असतात, पण वेगळ्या वाटणीने. म्हणून नुसत्या एकूण आकड्यावरून काहीच ठरत नाही.

इथे पहिली चूक होते. गाई-शेळीची कवटी पाहून वाटतं, वरचे पुढचे दात पडले असावेत. पडले की मुळात नव्हतेच, हे खोबणी पाहून कळतं. मेल्यानंतर दात गळला असेल तर खोबणी मोकळी आणि कडा धारदार राहतात. जिवंतपणी पडला असेल तर खोबणी हाडाने भरून आलेली असते आणि कडा गोलसर होतात. गाईच्या वरच्या जबड्यात पुढे खोबणीच नसते, नुसतं सपाट हाड असतं. जिवंत जनावरात त्यावर कडक हिरडीची गादी असते आणि खालचे दात त्या गादीवर गवत दाबून धरतात.

दुसरी पायरी: दाढांचा माथा

खरं वाचन इथे होतं, त्यामुळे इथे वेळ घालवा. बॅटरी दाढांवर सरळ मारू नका, बाजूने, जवळजवळ आडवी धरा. सावल्या पडल्या की माथ्यावरची घडण उठून दिसते. ढोबळमानाने तीन प्रकार दिसतील: पात्यासारखी धार, कंगोऱ्यांची जाळी किंवा गोलसर टेकाडं.

धार म्हणजे मांस. मांजर, कुत्रा, अस्वल ज्या गणात येतात, त्यात वरची शेवटची उपदाढ आणि खालची पहिली दाढ कात्रीच्या दोन पात्यांसारख्या एकमेकींना घासून जातात. या जोडीला इथे कातरदाढ म्हणू. एकच दात पाहायची मुभा असेल तर यातली खालची पाहावी. तिचे दोन भाग असतात. पुढचा भाग उंच, धारदार पातं. मागचा भाग बुटका, पसरट, वाटीसारखा. पातं कातरतं, वाटी ठेचते. मांजरात वाटी जवळजवळ नाहीशी झालेली आहे, दात म्हणजे इंग्रजी व्ही अक्षरासारखी नुसती दुहेरी सुरी. मांजराला मांसाशिवाय चालत नाही हे तेवढ्यावरून दिसतं. कुत्र्यात पातं मोठं आहे, पण मागे वाटीही आहे आणि तिच्यामागे ठेचायला आणखी दोन लहान दाढा आहेत. म्हणजे मुख्य काम मांसाचं, पण इतर काही मिळालं तर तेही चालतं. अस्वलात पातं बोथट झालेलं, मागच्या दाढा लांबलचक आणि सपाट. फळं, मुळं, किडे, मासे, जे हाती लागेल ते. म्हणजे पातं किती आणि वाटी किती, या एका प्रमाणावर प्राण्याची मांसाहाराकडून मिश्राहाराकडे सरकलेली जागा वाचता येते.

टेकाडं म्हणजे बहुधा मिश्राहार. डुक्कर, माणूस, अस्वल आणि उंदीर एकमेकांचे जवळचे नातलग नाहीत, पण चौघांच्याही दाढा बुटक्या आणि माथ्यावर गोलसर टेकाडं. अशी दाढ सगळं थोडंफार करते: ठेचते, चुरडते, थोडं दळते. पण चिवट गवत वर्षानुवर्षं दळायचं म्हटलं तर ती टिकत नाही.

कंगोरे म्हणजे पालापाचोळा आणि गवत. गवताच्या पेशींत सिलिकाचे सूक्ष्म कण असतात, शिवाय जमिनीलगत चरताना माती-वाळूही तोंडात जाते, त्यामुळे दात घासले जाणं अटळ. शाकाहारी दातांनी ही झीजच कामाला लावली आहे. एनॅमल सर्वांत कठीण, त्याखालचं डेंटिन त्याहून मऊ, आणि अशा दातांत दुमडींमध्ये सिमेंट नावाचा तिसरा पदार्थही भरलेला असतो. मऊ भाग लवकर झिजतो, कठीण भाग उभा राहतो आणि माथ्यावर एनॅमलचे कंगोरे तयार होतात. जातं गुळगुळीत झालं की त्याला टाकी लावावी लागते, इथे ती आपोआप लागत राहते.

कंगोरे सापडले की त्यांची दिशा बघा. दळताना जबडा ज्या दिशेने सरकतो, कंगोरे त्या दिशेला आडवे असतात. किसणीवरही आपण धारेला आडवंच घासतो. गाई-हरणाच्या दाढांवर चंद्रकोरीसारखे कंगोरे पुढून मागे गेलेले दिसतात, कारण रवंथ करताना जबडा डावी-उजवीकडे फिरतो. हत्तीच्या दाढेवर ते आडवे, पट्ट्यापट्ट्यांचे असतात, कारण हत्तीचा जबडा पुढे-मागे चालतो. कृंतकांचाही बहुतेक असाच. जबडा हातात नसला, नुसती सुटी दाढ मिळाली, तरी तो प्राणी कसा चावायचा हे यावरून कळतं.

माथ्यानंतर उंची. हिरडीच्या रेषेच्या वर दाढ किती उंच आहे आणि हाडात आणखी किती दडली आहे? घोड्याच्या कोवळ्या वयातल्या दाढा ७ ते ८ सेंमी लांब असतात आणि त्यातला बहुतेक भाग जबड्यात लपलेला असतो. वर्षाला साधारण २ ते ३ मिमी झीज होते आणि तेवढाच दात खालून वर सरकतो. हा साठा आहे, वाढ नव्हे. दात एकदाच बनला आणि आयुष्यभर पुरवून वापरायचा, संपला की संपला. कृंतकांचं गणित याहून वेगळं आहे आणि दोन्ही गोष्टी ‘वाढणारे दात’ या एकाच नावाखाली घालण्याची चूक अनेक जण करतात.

तिसरी पायरी: सांधा हलवून पाहणे

खालचा जबडा कवटीवर बसवा आणि हळूच हलवा. कुत्र्या-मांजराचा सांधा दाराच्या बिजागरीसारखा, आडव्या दांड्यासारखा असतो. तोंड उघडतं, मिटतं, पण बाजूला सरकवलं की अडतं. सांध्याची उंची दातांच्या रांगेइतकीच असते, म्हणून दात कात्रीसारखे मागून पुढे मिटत जातात. गाई-घोड्यात सांधा दातांच्या रांगेच्या बराच वर असतो आणि खोबण उथळ, त्यामुळे सगळ्या दाढा एकदम टेकतात आणि जबडा बाजूला सहज फिरतो.

उंदराच्या कवटीत खोबण पुढून मागे जाणाऱ्या पन्हळीसारखी असते. जबडा त्यात पुढे-मागे घसरतो, आणि इथे एक मजेशीर गोष्ट हाताला जाणवते. जबडा पुढे ओढला की पटाशीचे दात एकमेकांवर येतात, पण दाढा सुटतात. मागे ढकलला की दाढा जुळतात आणि पटाशी सुटते. दोन्ही एकाच वेळी जुळत नाहीत. उंदीर एक तर कुरतडतो, नाहीतर चावतो. जबडा बसवताना नवशिके पुढचे-मागचे सगळे दात एकदम जुळवायचा प्रयत्न करतात, जमत नाही आणि कवटी वाकडी असल्याचा संशय घेतात. कवटी ठीक असते.

चौथी पायरी: आता पुढचे दात

सुळे असतील तर मागच्या दाढांचा निकाल हाताशी ठेवूनच त्यांच्याकडे बघा. कातरदाढ आणि सुळे दोन्ही असतील तर शिकार. दळणाऱ्या दाढांबरोबर लांब सुळे असतील तर ते बहुधा नराचं हत्यार. सुळ्यांची जागाच रिकामी असेल, म्हणजे पटाशी आणि दाढांमध्ये लांब मोकळं हाड असेल, तर तोडायचं काम पुढे आणि दळायचं मागे अशी वाटणी झालेली आहे. ही मोकळी जागा गाईतही असते, घोड्यातही, सशातही आणि प्रत्येक कृंतकात. तिच्यावरून प्राणी कृंतक ठरत नाही. ते ठरतं पटाशीवरून.

न थांबणारी पटाशी

आपण पुढच्या दातांना सरसकट पटाशीचे दात म्हणतो, पण सुताराच्या पटाशीसारखं खरोखर काम करतात ते कृंतकांचेच. वर एक जोडी, खाली एक जोडी, एकूण चार. सुळे नाहीत.

आधी दाताचं टोक बाजूने भिंगाखाली धरा. पुढचा पृष्ठभाग सरळ, मागचा तिरका कापल्यासारखा दिसेल. एनॅमल फक्त पुढच्या बाजूला असतं, मागे उघडं डेंटिन. वापरताना डेंटिन लवकर झिजतं, एनॅमलची कड पुढे उरते आणि धार कायम राहते. सुताराला पटाशी घासून द्यावी लागते, इथे घासणंच धार लावतं. उंदीर, खार, साळिंदर, बीव्हर अशा अनेक कृंतकांत पुढचा पृष्ठभाग पिवळसर ते गडद नारिंगी असतो. या एनॅमलच्या बाहेरच्या थरात लोह असतं आणि त्यामुळे ते आम्लाला अधिक दाद देत नाही. गिनीपिगचे दात मात्र पांढरेच असतात, तो दोष समजू नये.

मग दाताचं मूळ पाहा. सुकलेल्या कवटीतली पटाशी बऱ्याचदा सैल असते. ती सरळ ओढली तर हाड फुटतं, कारण दात कमानीसारखा वाकडा असतो. कमानीच्या दिशेने, हळूहळू फिरवत सरकवा. बाहेर आलेला दात पाहून बहुतेकांना आश्चर्य वाटतं: तोंडात दिसत होता त्याच्या दुपटी-तिपटीने तो लांब असतो. उंदराची खालची पटाशी दाढांच्या खालून जाते आणि त्यांच्या मागेपर्यंत पोचते. वरची अधिक घट्ट वळलेली असते. आतलं टोक निमुळतं नसून पोकळ, नळीसारखं उघडं आणि कागदासारखं पातळ असतं. हे उघडं टोक म्हणजेच न थांबणाऱ्या वाढीची खूण. त्या जागी मूळपेशी आयुष्यभर नवं एनॅमल आणि नवं डेंटिन बनवत राहतात. माणसाच्या दाताचं मूळ बंद होतं आणि एनॅमल बनवणाऱ्या पेशी दात उगवतानाच नष्ट होतात, म्हणून आपला तुकडा उडाला तर परत येत नाही.

वेग किती? उंदरात वरची पटाशी आठवड्याला दोन-सव्वादोन मिमी आणि खालची पावणेतीन मिमीच्या आसपास पुढे सरकते. दिवसाला खालची सुमारे ०.४ मिमी. वक्रावर मोजलेली खालची पटाशी साधारण २५ मिमी धरली तर २५ भागिले ०.४, म्हणजे सुमारे ६२ दिवस. दोन महिन्यांत अख्खा दात नवा. वर्षभर झीजच झाली नाही असं समजलं तर तो १४ सेंमीहून लांब होईल, जवळजवळ उंदराच्या धडाइतका. याचा एक उपयोग असा की पटाशीत फक्त गेल्या काही आठवड्यांची नोंद असते. तिच्यातल्या रसायनांवरून कोणी आहार काढत असेल तर ते उत्तर तेवढ्याच काळाचं. त्याच उंदराची दाढ लहानपणी एकदाच बनलेली असते.

उंदीर दात झिजवण्यासाठी कुरतडतो, असं सर्रास सांगितलं जातं. ते अर्धंच खरं. कुरतडायला काहीच नसलं तरी तो वरची-खालची पटाशी एकमेकींवर घासत राहतो आणि झीज मोठ्या प्रमाणात त्यातूनच होते. म्हणजे खरा भिडू लाकूड नव्हे, समोरचा दात. हे ध्यानात घेतलं की पुढचा बिघाड समजतो.

बिघाड कसा होतो आणि कसा ओळखायचा

एक पटाशी मोडली की तिच्या समोरच्या दाताला घासायला कोणी उरत नाही. नुसती झीज थांबते असं नाही, अडथळा नसलेला दात नेहमीच्या साधारण दुप्पट वेगाने बाहेर येतो. मोडलेला दात भरून येईपर्यंत समोरचा इतका पुढे गेलेला असतो की दोघांची गाठ चुकते, आणि एकदा चुकली की आपोआप क्वचितच जुळते. वरची पटाशी कमानीप्रमाणे वळत आत जाते आणि टाळूत रुतू शकते. खालची वर चढून नाकापुढे जाते. अशी कवटी सापडली तर तो प्राणी बहुधा उपासमारीने मेला, असं समजायला हरकत नाही.

फक्त एक काळजी घ्या. उंदराच्या खालच्या पटाशा वरच्यांपेक्षा कितीतरी लांब, अगदी दोन-तीन पट दिसतात, आणि ते निरोगीपणाचंच लक्षण आहे. लांबीवरून निदान करू नका. टोकं एकमेकांना भिडतात का आणि टोक तिरकं, धारदार आहे की बोथट-वाकडं, ते पाहा.

पाळलेल्या प्राण्यात लाळेने ओली हनुवटी, घास तोंडातून पडणं, कठीण अन्न टाळून मऊच खाणं आणि घटतं वजन ही लक्षणं. नखं कापायच्या चिमट्याने दात कापायचा मोह होतो, तो टाळावा. दाब पडला की दात उभा चिरतो, चीर आतल्या जिवंत भागापर्यंत जाते आणि मुळाशी पू होतो. पशुवैद्य फिरत्या बारीक कानशीने दात घासून लहान करतात, आणि गाठ कायमची चुकलेली असेल तर तीन ते सहा आठवड्यांनी ते पुन्हा करावं लागतं.

गिनीपिगची गोष्ट आणखी बिकट, कारण त्यांच्या दाढाही जन्मभर वाढतात. त्यांना लांब तंतूंचं वाळलेलं गवत हवं. दाणेदार तयार खाद्य चावताना जबडा वर-खाली चालतो, पुरेसा घासत नाही, आणि न झिजलेल्या भागांचे काटे तयार होतात. वरच्या दाढांचे गालाकडे, खालच्यांचे जिभेकडे. पुढचे दात छान दिसतात आणि जनावर खात नाही, असं असेल तर दोष मागे शोधायचा.

ससा इथे का बसत नाही

सशाच्या पटाशाही वाढतात, आठवड्याला साधारण दोन-अडीच मिमी, आणि त्याच्या दाढाही वाढतात. पण तो कृंतक नाही. वरच्या मोठ्या पटाशांच्या मागे टॉर्च मारा: खुंट्यांसारख्या आणखी दोन छोट्या पटाशा दिसतील. कृंतकात त्या कधीच नसतात. शिवाय सशाच्या पटाशीला मागच्या बाजूनेही पातळ एनॅमल असतं आणि रंग पांढरा असतो. बाकी आहाराचं वाचन सोपं: उंच, कंगोऱ्यांच्या दाढा, जबडा बाजूला फिरणारा, शुद्ध गवत-पाला.

एक कवटी शेवटपर्यंत वाचू

समजा हातात ४२ मिमी लांबीची कवटी आहे. पुढे नारिंगी पटाशा, वर दोन, खाली दोन. मागे खुंट्या नाहीत, म्हणजे कृंतक. पटाशी आणि दाढांमध्ये साधारण १२ मिमी मोकळं हाड. इथपर्यंत आहाराबद्दल एक अक्षरही कळलेलं नाही, फक्त हत्यार कळलं.

आता दाढा. प्रत्येक बाजूला तीन, उपदाढा नाहीत, एकूण १६ दात. वरच्या तिघींची ओळ ७ मिमी. पहिली सर्वांत मोठी, मागे लहान होत गेलेल्या. आडवा प्रकाश टाकला की वरच्या पहिल्या दाढेवर गोलसर टेकाडांच्या तीन उभ्या रांगा दिसतात: मधे मोठी, दोन्ही कडांना लहान. ही उंदीर-घुशींच्या उपकुळाची सही. दाढ बुटकी आहे, सिमेंटच्या दुमडी नाहीत, आणि सुटी काढली तर खाली बंद टोकाची मुळं आहेत. म्हणजे ही दाढ वाढत नाही, झिजली की झिजली. गवतावर जगणाऱ्याला ती परवडली नसती. धारदार पातीही नाहीत. राहिला मिश्राहार: दाणे, फळं, किडे, उष्टं, जे मिळेल ते. मोठ्या उंदराच्या कवटीशी सगळं जुळतं. लांबी २१ मिमी आणि ओळ साडेतीन मिमीच्या आत असती, आणि वरच्या पटाशीच्या मागच्या बाजूला खाच असती, तर तो घरातला छोटा उंदीर ठरला असता.

झीजही बघून घ्या. कोवळ्या जनावरात टेकाडं टोकदार, एनॅमल अखंड. पुढे टेकाडांची डोकी झिजून डेंटिनचे ठिपके दिसतात, मग ठिपके जोडून आडव्या पट्ट्या होतात, आणि म्हाताऱ्या उंदराची दाढ सपाट थाळीसारखी. या शेवटच्या टप्प्यात आडव्या पट्ट्या पाहून ‘कंगोरे, म्हणून गवत’ असा निष्कर्ष निघण्याचा धोका असतो. म्हणून दाढेची उंची आणि मुळं तपासल्याशिवाय माथ्यावर विश्वास ठेवू नये.

आता याच पटाशीच्या दुसऱ्या तीन कवट्या शेजारी ठेवा. व्होल हा गवत खाणारा छोटा कृंतक. अनेक व्होलांच्या दाढा उंच, बिनमुळाच्या, माथ्यावर त्रिकोणांची नागमोडी नक्षी, आणि त्या पटाशीसारख्याच आयुष्यभर वाढतात. ऑस्ट्रेलियातला पाणउंदीर मासे, खेकडे, शिंपले खातो. त्याच्या दाढा प्रत्येक बाजूला फक्त दोन, एकूण १२ दात. आणि इंडोनेशियातल्या सुलावेसी बेटावरचा, २०१२ मध्ये प्रथम वर्णन झालेला एक उंदीर गांडुळं खातो; त्याला दाढाच नाहीत. गांडूळ चावावं लागत नाही. पुढे मात्र चौघांनाही तीच दोन जोड्या पटाशी, फक्त सुलावेसीवाल्याच्या वरच्या पटाशीचं टोक धारेऐवजी दोन काट्यांचं झालेलं आहे.

दात सांगतात ते शरीर कशासाठी घडलं आहे एवढंच. आपल्या ४२ मिमीच्या उंदराने शेवटच्या आठवड्यात नुसते दाणे खाल्ले की नुसते किडे, हे दाढेच्या आकारावरून सांगता येणार नाही. त्यासाठी माथ्यावरचे सूक्ष्म ओरखडे आणि खड्डे सूक्ष्मदर्शकाखाली मोजावे लागतात, आणि तेही फक्त शेवटच्या काही जेवणांचे असतात, कारण नवी झीज जुने ओरखडे पुसत जाते. भिंगाने जेवढं दिसतं तेवढं नोंदवा, कवटीची लांबी आणि दाढांच्या ओळीची लांबी लिहा, माथ्याचा फोटो पट्टी शेजारी ठेवून घ्या, आणि काढलेली पटाशी पुन्हा खोबणीत सरकवताना तिचं पोकळ टोक आधी जाईल याकडे लक्ष ठेवा. ते सर्वांत लवकर मोडतं.